पाटीवरचं अक्षर मोजायचं कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पेंटर माणूस. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंती, सगळं हातानं लिहिलं, फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालं ते सोडा. पत्र लिहायचं कारण म्हणजे आमच्या दारव्हा भागातल्या एका फाट्यावर लागलेली नवी कोरी दिशादर्शक पाटी. हिरव्यावर पांढरी अक्षरं, चमकणारं रेडियम, दिसायला एकदम झकास. पण मागच्या महिन्यात माझा भाचा रात्री पिकअपमध्ये कापूस घेऊन दिग्रसला निघाला अन् त्या फाट्यावरून कारंजाच्या रस्त्याला लागून चौदा किलोमीटर पुढे गेला. मी म्हटलं, काहून रे, एवढी मोठी पाटी दिसली नाही का? तर म्हणे, "मामा, पाटी दिसली ना जी, पण वाचेपर्यंत मागे गेली."

मला वाटलं पोरगा फोनवर असेल. पण दुसऱ्या दिवशी मीच त्याच्या बाजूला बसून गेलो, साठच्या स्पीडनं, तर खरंच तसंच होतं. मग टेप अन् शिडी घेऊन पाटीच मोजली, लोक पाहून राहिले होते की हा म्हातारा काय करून राहिला.

पाटीवर वरून खाली पुसद, दिग्रस, कारंजा अशी तीन नावं अन् प्रत्येकाखाली इंग्रजीत तेच. इंग्रजी कॅपिटल अक्षर १३ सेंटीमीटर उंच. मराठी ‘क’ शिरोरेषेपासून पायापर्यंत फक्त ९. आता बोर्ड बनवणारा म्हणेल मी तर दोघांना एकच साईज दिली. दिलीच असेल, कॉम्प्युटरवर साईज एकच टाकली की असंच होते, कारण मराठी फाँटमध्ये अर्धी जागा वरच्या वेलांटी-रफारासाठी अन् खालच्या उकारासाठी राखून ठेवलेली असते, मधल्या अक्षराला उरते थोडी. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या शेपटीपर्यंत मोजलं तर या पाटीवर १५ सेंटीमीटर भरते. म्हणजे कागदावर अक्षर १५ चं, अन् डोळ्याला ९ चं. वाचतो आपण ते मधलं अंगच, घ आहे का ध, भ आहे का म, हे त्या ९ सेंटीमीटरातच ठरते.

आता हिशोब करा. अमेरिकेत रस्त्याच्या पाट्यांसाठी ढोबळ नियम आहे, एक इंच उंच अक्षर साधारण तीस फुटांवरून वाचता येते असं धरायचं. म्हणजे एका सेंटीमीटरला साडेतीन मीटरपेक्षा थोडं जास्त. हा नियम इंग्रजी अक्षरांचा, आपल्या ‘ग्र’सारख्या जोडाक्षराला काही जास्तीची सूट मिळणार नाही, पण तोच लावला तरी ९ सेंटीमीटरचं अक्षर ३२ मीटरवरून वाचता येईल. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पळते, म्हणजे दोन सेकंद मिळाले, असं वाटते. पण पूर्ण ३२ मीटर कामाचे नाहीत ना! ड्रायव्हर उजवीकडे बसतो अन् पाटी डावीकडे, त्याच्या नजरेच्या रेषेपासून निदान पाच मीटर बाजूला. रस्त्यावरून नजर दहा अंशापेक्षा जास्त वळवायची नाही असं धरलं तर शेवटच्या २८ मीटरात पाटी त्या मर्यादेच्या बाहेर जाते, मग मान वळवून पाहा नाहीतर सोडून द्या. ३२ मधून २८ गेले, उरले ४ मीटर. पाव सेकंद. पाव सेकंदात तीन नावं अन् तीन बाण, भाच्याला मी उगाच बोललो.

तेच मधलं अंग २० सेंटीमीटरचं केलं तर पाटी ७२ मीटरवरून वाचता येते, २८ वजा केले तरी ४४ मीटर उरतात, अडीच सेकंदाच्या वर. तेवढ्यात तीन नावं आरामात वाचून होतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की देवनागरीचं माप शिरोरेषेपासून पायापर्यंत धरा. इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी ६७ हे पाट्यांचं कोड आहेच, अक्षराच्या उंचीचा विचार त्यात स्पीडप्रमाणे केलेला आहे, पण बोर्ड लावणाऱ्यानं उंची कुठून कुठपर्यंत मोजली हे कोणी टेप लावून पाहिलं नाही तर कोडला काय अर्थ.

आता जागेचं. पुसदच्या खाली दिग्रस आहे, मध्ये इंग्रजी ओळ आहे तरी तिन्ही ओळी इतक्या चिकटून घेतल्या की ‘पु’चा उकार खालच्या इंग्रजी अक्षराला टेकला अन् ‘दि’ची वेलांटी त्याच ओळीच्या पोटात घुसली. वेलांटी गेली तर दिग्रसचं काय उरते? मराठीत ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावीच लागते, कारण आपली अक्षरं वरही वाढतात अन् खालीही. अन् कारंजा बसत नव्हतं म्हणून आडवं दाबलं, बहुतेक माऊसनं धरून. दाबलं की उभ्या दांड्या जवळ येतात. ‘का’चा काना ‘रं’ला चिकटला. दिवसा जवळून ठीक, पण रात्री हेडलाईट पडला की पांढरं रेडियम पेटल्यासारखं दिसते, अक्षराच्या कडा फुगतात अन् मधल्या फटी बुजतात, लांबून फक्त एक पांढरा पट्टा. मी हातानं लिहायचो तेव्हा दोन दांड्यांमध्ये निदान एका दांडीएवढी जागा सोडायचो, अन् काळ्या-हिरव्यावर पांढरं असेल तर दांडी जराशी बारीक ठेवायचो. नाव बसत नसेल तर पाटी मोठी करायची बाप्पा, अक्षर कशाला पिळता.

काही जण उलटं करतात, कॉम्प्युटरमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवतात, मग शिरोरेषा तुटते अन् य व त मा ळ असं सुटं सुटं दिसते. तेही नको. इंग्रजीत ते चालते, आपल्याकडे शब्द शिरोरेषेनं बांधलेला असतो, जागा द्यायची ती रेषेच्या खाली, दांड्यांच्या मधात.

पाटीची जागाही पाहा, ही एकदम फाट्याच्या तोंडावर आहे. वाचली तरी ब्रेक कधी मारायचा, भरलेली गाडी वळणाआधी हळू करायला साठ-सत्तर मीटर लागतातच.

फाट्यावरच्या चहावाल्यानं कंटाळून दगडावर चुन्यानं ‘दिग्रस’ लिहिलं अन् बाण काढला. अक्षर वीतभर उंच अन् चांगलं मोकळं. भाचा आता तेच पाहून वळतो.

ज्या खात्याचा हा रस्ता आहे त्यांना विनंती आहे की पुढची पाटी खांबावर चढवायच्या आधी वर्कशॉपच्या बाहेर उभी करा, अन् ज्याला आमच्या भागातली गावं माहीत नाहीत अशा एखाद्याला ७० मीटर लांब उभं करून वाचायला लावा. एकदा दिवसा, अन् एकदा रात्री गाडीच्या लाईटमध्ये.

आपला,
एक जुना पेंटर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ