एका पत्रातले सहा कंस

आदरणीय ताई,

संस्थेच्या इतिहासावरचा माझा लेख तुम्ही तपासून परत पाठवलात, त्याला आता बरेच दिवस झाले. आभार तेव्हाच मानले होते, पण घाईत. आज सविस्तर लिहितो, आणि उघडपणे लिहितो, कारण जुनी कागदपत्रे उद्धृत करणाऱ्या इतरांनाही ते कळावे असे वाटते.

लेखात एका शिपायाच्या १९५८ सालच्या पत्रातल्या दोन ओळी होत्या: ‘मी कामावर येत नाहीं कारण आइ अजारी आहे. घरांत दूसरा माणूस नाहीं.’ या दोन ओळींत मी सहा ठिकाणी [सिक], म्हणजे ‘मुळात असेच आहे’ असे सांगणारा शब्द, चौकोनी कंसात घातला होता. तुम्ही सहाही खोडलेत आणि समासात एकच प्रश्न लिहिलात: ‘यातल्या चुका किती?’

मी पुन्हा मोजले. ‘नाहीं’ दोनदा आणि ‘घरांत’ एकदा, या तीन चुका नव्हत्याच. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. त्याच्या चार वर्षे आधी लिहिणाऱ्याने ते दिले, म्हणजे त्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे बरोबरच लिहिले होते. मी त्याला आजच्या नियमाने चुकीचा ठरवत होतो. उरल्या तीन: आइ, अजारी, दूसरा. त्यांच्याबद्दल तुम्ही फोनवर जे बोललात ते मला अजून आठवते. वाचक त्या शब्दांशी अडखळणार आहे का? ही माझी छपाईची चूक असावी असे त्याला वाटेल का? अर्थ बदलतो का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कंस वाचकाला फक्त एवढेच सांगतो की या माणसाला लिहिता येत नव्हते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि अवतरणचिन्हांच्या आतच शब्द सुधारून टाकले. तेही तुम्ही थांबवलेत. अलीकडच्या छापील मजकुरात ‘संस्था’चे ‘संस्थ’ झाले असेल, तर तो जुळाऱ्याचा दोष. तो न सांगता दुरुस्त करायला हरकत नाही. ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ ही इंग्रजी संपादनाची नियमपुस्तिकाही उघड मुद्रणदोषांना एवढी मोकळीक देते. हस्तलिखित पत्राचे तसे नाही. तिथली अक्षरे लिहिणाऱ्याची असतात, आणि पुढे कोणी भाषेच्या अभ्यासासाठी तो उतारा घेतला, तर माझी दुरुस्ती त्याच्या नावावर जाते.

माझ्या लेखाचा मुद्दा रजा का नाकारली हा होता, शिपायाचे शुद्धलेखन नव्हे. म्हणून तुम्ही अवतरणचिन्हेच काढायला सांगितलीत. आता तिथे असे आहे: आई आजारी असून घरात दुसरा माणूस नाही, म्हणून कामावर येता येत नाही, असे त्याने कळवले. वाक्य माझे, शुद्धलेखन माझे, आणि त्याचे म्हणणे शाबूत.

या सगळ्यापेक्षा मोलाची ठरली ती सभेच्या छापील इतिवृत्तातली ओळ: ‘वर्गणी भरल्यास सभासदाचे नाव कमी करण्यात येईल.’ इथे ‘न’ राहून गेला आहे हे कोणालाही दिसते, म्हणून मी तो गुपचूप घातला होता. तुम्ही म्हणालात, जी दुरुस्ती वाक्याचा अर्थ उलटा करते ती कितीही उघड असली तरी गुपचूप करायची नाही. नुसते [सिक] ठेवले तर वाचक कोड्यात पडतो, कारण तो शब्द ‘मुळात असेच आहे’ एवढेच सांगतो, बरोबर काय ते सांगत नाही. म्हणून ‘वर्गणी [न] भरल्यास’. कंस चौकोनीच हवा. गोल असला तर तो मूळ लेखकाचाच वाटतो.

[सिक] शेवटी लेखात एकदाच उरले. १९६१च्या अहवालात ‘१९५१ पासूनच्या गेल्या बारा वर्षांत’ असे आहे. साल चुकले की बारा हा आकडा, ते मला ठरवता येत नाही, आणि सुधारले तर मी इतिहासच लिहून बसेन. म्हणून [सिक], आणि खाली हिशेब जुळत नसल्याची तळटीप. तळटिपेचा आग्रह तुमचा होता. आता वाटते की ती असल्यावर कंसाचीही फारशी गरज उरत नाही, पण तो मी राहू दिला आहे.

बाकीच्या जुन्या उताऱ्यांसाठी तुम्ही सुचवलेली टीप लेखाच्या सुरुवातीला जशीच्या तशी घेतली: ‘१९६२ पूर्वीचे उतारे त्या वेळच्या लेखनपद्धतीप्रमाणे ठेवले आहेत. छापील मजकुरातले उघड मुद्रणदोष दुरुस्त केले आहेत. संपादकाने घातलेला मजकूर चौकोनी कंसात आहे.’ या तीन वाक्यांमुळे लेखातले जवळजवळ सगळे कंस गेले. शिपायाचे मूळ पत्र मी परत फाइलमध्ये ठेवले आहे, त्याच्या तिन्ही अनुस्वारांसह.

मनापासून आभार, ताई.

आपला,
लेखाचा लेखक