ते चिवड्याचं पाकीट फोडू नकोस

चिऊ,

रविवारी तू म्हणालीस ना, दुकानात पोह्याच्या चिवड्याची दोन पाकिटं होती, एकावर 'मे कंटेन पीनट्स' होतं, तुला दाण्याची अॅलर्जी म्हणून ते ठेवलं आणि दुसऱ्यावर तसं काहीच नव्हतं म्हणून ते आणलं. तेवढ्यात तुझी आई फोन ओढून घेऊन बोलायला लागली आणि माझं राहून गेलं. पण मी २२ वर्षं फरसाणाच्या कारखान्यात काढलीत गं, मला ते ऐकून कसंतरीच झालं.

पाकिटावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'कंटेन्स' म्हणजे रेसिपीत जे मुद्दाम घातलंय ते, दाणे घातले असतील तर ते लिहावंच लागतं, कायदा आहे. 'मे कंटेन' म्हणजे घातलं नाही पण चुकून आलं असेल. आणि आपल्याकडच्या २०२० च्या लेबलच्या नियमात हे दुसरं लिहिता येईल असं म्हटलंय, लिहिलंच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्याने लिहिलं त्याने निदान विचार तरी केला, आणि ज्याने नाही लिहिलं त्याच्याकडे दाणे नाहीतच की त्याने बघितलंच नाही हे कोऱ्या पाकिटावरून कळत नाही.

चुकून कसं येतं ते सांगतो. आमच्याकडे सकाळी मसाला शेंगदाणे निघायचे, दुपारी त्याच फ्रायरमध्ये पोहे. तेल फेकत नाहीत, गाळतात आणि वर नवीन ओततात. मसाला लावायचा ड्रम तोच. तो पाण्याने धुवायचा नाही कारण ओल राहिली की माल खराब होतो, मग ब्रश मारायचा आणि वरून हवेचा पाइप, त्या हवेने दाण्याची भुकटी उडून शेजारच्या बेल्टवर बसायची. सुपरवायझर शहाणा असेल तर बिनदाण्याचा माल आधी काढून घेतो आणि दाणे शेवटी, नाहीतर नवीन मालाचे पहिले काही किलो बाजूला काढतो. पण दिवाळीच्या ऑर्डरी आल्या की सगळे शहाणपण विसरतात, मीसुद्धा विसरलोय, खोटं कशाला बोलू. शिवाय तुटलाफुटला माल पुढच्या मिक्समध्ये जातो तो वेगळाच.

म्हणून तू पाठवलेल्या फोटोवरच्या कस्टमर केअरला सोमवारी फोन केला. 'हे सेफ आहे का' असं विचारलं असतं तर पोरगी हो म्हणून मोकळी झाली असती. मी विचारलं, या बॅचच्या लाईनवर शेंगदाण्याचा माल होतो का, आणि मधे सफाई कशी करता. आज मेल आला, त्याच लाईनवर दाण्याचा चिवडाही होतो, सफाई ड्राय. झालं, शेजारच्या बाईंना देऊन टाक ते पाकीट.

आणि एकदा विचारलं की कायमचं झालं असं नाही. मागे १४ आकडी लायसन्स नंबर असतो, पण लोगोजवळचा ब्रँडच्या मालकाचाही असू शकतो, म्हणून कारखान्याच्या पत्त्याजवळचा बघायचा. तोच ब्रँड, तेच चित्र, पण नंबर बदलला की कारखाना बदलला, परत विचारायचं.

कोळंबीचं थोडं वेगळं. आजी अजून म्हणते लहानपणापासून खात आली मग २९व्या वर्षी कशी बाधेल, पण कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी मोठेपणी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे, डॉक्टरांनीही तेच सांगितलं ना. लेबलवर ते 'क्रस्टेशियन' लिहितात. पण त्या सक्तीच्या यादीत तिसऱ्या, कालवं, माकूल नाहीत. तुला कालवंही बंद सांगितलीत, त्यामुळे ऑयस्टर सॉस असलेल्या नूडल्सवर खालची 'कंटेन्स'ची ओळ बघून थांबू नकोस, घटकांची पूर्ण बारीक यादी वाच. थाई करी पेस्टमध्ये तर कोळंबीची पेस्ट असतेच बहुतेक वेळा. हिरवा ठिपका रेसिपीपुरता, लाईनवर आधी काय होतं ते तो सांगत नाही. सुरमई तुला चालते टेस्टप्रमाणे, पण खाणावळीत ती कोळंबी तळलेल्याच तेलात पडते, तिथे ना लेबल ना काही, सरळ नाही म्हण.

आणि ओठ सुजून आवाज बसायला लागला की खाजेची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, त्या गोळीने श्वास सुटत नाही. डॉक्टरांनी दिलेलं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि मग लगेच हॉस्पिटल. रूममेटला दाखवून ठेवलंस का ते सांग.

दिवाळीला येशील तेव्हा चिवडा मी घरीच करतोय, डाळं आणि खोबरं जास्त घालून. नवीन कढई आणलीये. आईने कुटाचा डबा आणि त्याचा चमचा पण वेगळ्या कपाटात टाकलाय, कुरकुर करत का होईना.

बाबा