फरसाणाच्या बिलावर बॅच नंबर हवा : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. रविवारची सकाळ इथे कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका रविवारी गर्दीच्या वेळी एका आजोबांनी मला टेबलाजवळ बोलावलं. म्हणाले, "ताई, रस्सा उत्तम आहे, पण फरसाण खवट लागतंय. घसा धरला." मी डब्यातली शेव चिमटीत चुरडून वास घेतला. जुन्या शेंगदाण्याला येतो तसा वास होता. रश्श्यात तो दबतो, कोरं खाल्लं की लगेच कळतो. आजोबांची माफी मागितली, डबा बाजूला केला आणि त्यातलं अर्धा किलो फरसाण कोरड्या बरणीत बंद करून तारीख, वेळ लिहून ठेवलं. त्या बरणीमुळेच पुढचं बोलणं शक्य झालं.

मला एकच गोष्ट शोधायची होती. हा माल कोणत्या दिवशी तळलेला, आणि तोच माल अजून कुठे कुठे गेला?

शुक्रवारी आमच्याकडे ५ किलोच्या ८ पिशव्या आल्या होत्या. बिलावर एकच ओळ होती : फरसाण, ४० किलो. रविवारपर्यंत पाच पिशव्या रिकाम्या झालेल्या. भंगाराच्या पोत्यातून त्यांतल्या चार सापडल्या. दोन पिशव्यांवर बॅच १२१ होता, एकीवर ११८, आणि चौथीवरचा शिक्का तेलाने पुसून गेलेला. म्हणजे एकाच बिलात किमान दोन बॅच होत्या आणि बिलाला त्याचा पत्ता नव्हता. चूक माझ्याकडेही होती. आमची मुलं अर्धा भरलेला डबा न रिकामा करताच वरून नवी पिशवी ओतत होती.

उरलेल्या तीन सीलबंद पिशव्यांवर मात्र स्वच्छ १२१ होता. त्याच दिवशी पुरवठादाराला लेखी कळवलं आणि चार गोष्टी मागितल्या : त्या बिलात गेलेल्या सगळ्या पिशव्यांचे बॅच नंबर, त्या बॅचची उत्पादनाची नोंद (तळल्याची तारीख, कोणतं तेल आणि ते कधी बदललं, बेसनाचा लॉट), त्यांनी राखून ठेवलेला नमुना, आणि हीच बॅच घेतलेल्या इतर गिऱ्हाइकांना कळवलं आहे का याचं उत्तर. त्यांची नावं मागितली नाहीत, तो त्यांचा धंदा आहे.

उत्तर फोनवर आलं. "ताई, सगळा माल परत घेतो, बदलून देतो, विषय संपवा." माणूस वाईट नाही, किती वर्षांचा व्यवहार आहे. पण माल बदलून मिळाला की माझे पैसे वसूल होतात, प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या कुणाच्या तरी हॉटेलात तोच माल त्या दिवशी वाढला जात असेल.

मी आग्रह धरला, तेव्हा ते स्वतः आले. त्यांच्यासमोर तिन्ही सीलबंद पिशव्या फोडल्या. दोन चांगल्या निघाल्या. तिसरीला बरणीतल्या फरसाणासारखाच खवट वास! ती पिशवी आमच्याकडे उघडलीच नव्हती, तेव्हा आमच्या शेगडीजवळच्या उष्णतेला दोष देता येत नव्हता. पण तिन्हींवर नंबर एकच होता. मग तो नंबर नेमका काय सांगत होता?

ते त्यांच्या वहीत उघड झालं. बॅच १२१ म्हणून ४२० किलो उत्पादन नोंदलेलं होतं. त्याच नंबराने बाहेर गेलेला माल मी पेन्सिलीने मांडला : पहिल्या दिवशी १८० किलो, दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी १२५. बेरीज ४५५ किलो. तळला त्यापेक्षा ३५ किलो जास्त माल गेला कसा? ते थोडं थांबून म्हणाले, "मागचं उरलेलं पॅकिंगला त्यातच धरलं जातं." त्यांच्याकडे बॅच नंबर तळताना ठरत नाही, पॅकिंगच्या दिवशी शिक्का मारताना ठरतो. ते ३५ किलो किती दिवसांचं होतं, कोणत्या तेलातलं होतं, हे वहीत कुठेच नव्हतं. खवटपणा त्याच ३५ किलोतून आला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ते सिद्ध करायला लागणारी नोंदच अस्तित्वात नाही, हीच माझी तक्रार आहे.

साहेब, कायद्यात बरंच काही आहे. पॅकबंद अन्नावर बॅच नंबर छापणं बंधनकारक आहे. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी टोटल पोलर कंपाउंड्स ही खराब द्रव्यं तळणीच्या तेलात २५ टक्क्यांपुढे जाऊ नयेत, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. सदोष माल बाजारातून परत बोलावण्याची नियमावली २०१७ ची आहे. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी परवाना क्रमांक लिहावा लागतो. त्यामुळे बिलावरून मला माणूस सापडतो. त्याने त्या दिवशी दिलेला माल सापडत नाही. पिशवीवरचा नंबर पिशवीबरोबर भंगारात जातो आणि जपून ठेवलेल्या बिलात तो नसतोच.

तुमच्याच खात्याच्या नजरेखाली असलेल्या मेडिकल दुकानाचं बिल पाहा. गोळ्यांच्या एका पाकिटासमोरही बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते. औषधाला जे जमतं, ते ४० किलो फरसाणाला का जमू नये?

अन्नाचे नियम केंद्राचं प्राधिकरण करतं, हे मला माहीत आहे. म्हणून पहिली विनंती अशी की, हॉटेल, मेस, दुकान अशा धंदेवाल्याला विकलेल्या अन्नाच्या बिलावर किंवा डिलिव्हरी चलनावर प्रत्येक बॅचचा नंबर आणि त्या बॅचचे किलो लिहिणं सक्तीचं व्हावं, अशी शिफारस राज्याने करावी. छोट्या कारखानदाराला त्यासाठी संगणक लागत नाही. '१२१ : ३० किलो, ११८ : १० किलो' एवढं हाताने लिहिलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट तुमच्या हातात आहे. अन्न सुरक्षा अधिकारी तपासणीला जातात तेव्हा त्यांनी परवाना आणि स्वच्छतेबरोबर कोणतीही एक बॅच निवडून तिची बेरीज मांडावी. बनला किती, गेला किती, शिल्लक किती, परत आलेला किती. मला त्या वहीवर हे करायला एक चहा थंड होईल एवढाच वेळ लागला. उरलेला माल पुढच्या बॅचमध्ये मिसळत असेल, तर ती मिसळ तारखेसह वहीत लिहिली जाते का, हेही त्यांनी विचारावं. आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून खरेदीदाराने नोंदी मागितल्या, तर ४८ तासांत लेखी उत्तर देण्याची ताकीद पुरवठादारांना द्यावी.

आमच्या हॉटेलात आता डबा पूर्ण रिकामा करून पुसल्याशिवाय नवी पिशवी ओतत नाहीत. झाकणावर खडूने बॅच नंबर लिहितो आणि पिशवीचं लेबल कापून पंधरा दिवस तारेला टोचून ठेवतो. पुरवठादारानेही परवापासून बिलावर नंबर लिहायला सुरुवात केली आहे. पण ते मी अडून बसले म्हणून. शेजारच्या हॉटेलवाल्याला तोच माणूस अजून जुनंच बिल देतो.

ती बरणी आणि पेन्सिलीने मांडलेली बेरीज मी जपून ठेवली आहे. आपल्या अधिकाऱ्यांना पाहायची असेल तर कधीही दाखवीन.

आपली नम्र,
मिसळ हॉटेलची एक चालक, नाशिक