बाबा, एसी चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

पुणे, 10 मार्च

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही पाठवलेला सेकंड-हँड एसीचा फोटो पाहिला. दीड टन, इन्व्हर्टर, 2020 चा, अठरा हजार. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर पुरत नाही आणि आईला रात्रभर झोप लागत नाही, तेव्हा नवा घ्यायला दिवाळीपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही. पण ‘गॅस फुल आहे, कॉम्प्रेसर ओरिजिनल आहे’ हे दुकानदाराचं बोलणं मी अजिबात धरत नाही. दुकानात बंद पडून असलेला प्रत्येक एसी चांगलाच असतो. माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरच्या युनिटवर कंपनीची पट्टी असते. तुमच्या फोटोत ती अर्धवट दिसते: गॅस R32, वजन 820 ग्रॅम, करंट सात अँपिअरच्या आसपास. या पट्टीवरून पुढचं सगळं तपासता येतं. पट्टी खरवडलेली असेल किंवा तिच्यावर रंग फासलेला असेल, तर तो एसी तिथेच सोडून द्या.

दुकानात तो जोडून चालवायला सांगा. रिमोटवर 16 लावा, पंखा फुल ठेवा आणि वीस मिनिटं तिथेच बसा, चहा आला तर प्या. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग धरतो, त्यामुळे पाच मिनिटांत काही कळत नाही. वायरमन काकांना करंट मोजायचा क्लॅम्प मीटर घेऊन सोबत न्या. मीटर पूर्ण केबलला नाही, तिच्यातल्या एकाच वायरला लावायचा, नाहीतर शून्य दाखवतो. दुकान तापलेलं असताना करंट पट्टीवरच्या आकड्याच्या जवळपास यायला हवा. आत जाणारी हवा 34 अंश असेल, तर जाळीतून बाहेर येणारी 22-24 च्या आसपास लागली पाहिजे. साधा डिजिटल थर्मामीटर पुरे.

समजा करंट चारवरच अडकला आणि हवा कोमट आली. मग बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन नळ्या पाहा. बारीक नळीवर बर्फ धरलेला असेल तर बहुतेक गॅस कमी आहे. बर्फ नाही, एसी चालू असतानाही गेजवर गॅसचं प्रेशर खाली उतरत नाही आणि थंडावाही नाही, तर कॉम्प्रेसर नीट पंपिंग करत नाही असा दाट संशय घ्यायचा. गॅस भरून तो बरा होत नाही. सुरू होताना गुं-गुं करून ट्रिप झाला, तर मात्र पुढचं काही न बघता घरी या.

गॅस कमी निघाला की दुकानदार म्हणेल, ‘टॉप-अप मारून देतो.’ तो गॅस गेला कुठे, हे त्याला विचारा. एसीचा गॅस वापरून संपत नाही, तो गळूनच जातो. गळतीच्या जागी तेलाचा काळपट, चिकट डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचं तेलही गॅससोबत बाहेर येतं. नळ्यांच्या पितळी नटांवर आणि कॉइलच्या कडेच्या वाकणांवर बोट फिरवून बघा. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे उठतील. नट गळत असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे. कॉइलच गळत असेल तर नको, विशेषतः ती ॲल्युमिनियमची असेल तर. कडेची वाकणं लालसर दिसली तर कॉइल तांब्याची.

जुनी नळी पुन्हा वापरायची असेल, तर ती कुठे चेपलेली नाही ना आणि टोकं बंद ठेवलेली होती ना, हे बघा. उघडी पडलेली नळी मी तरी घेणार नाही, आत ओल आणि धूळ जाते. आपल्या खोलीला तीन-चार मीटर लागेल, नवी तांब्याची घ्या. आणि बसवताना मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. बरेच जण थोडा गॅस सोडून हवा काढतात आणि ‘झालं’ म्हणतात. गॅस नव्याने भरायची वेळ आली, तर काट्यावर तोलून 820 ग्रॅम भरायचा.

सहा महिन्यांची वॉरंटी तो तोंडी देतोय. बिलावर सिरीयल नंबरसकट लिहून घ्या: कॉम्प्रेसर, पीसीबी म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आणि गॅसगळती, तिन्ही. इन्व्हर्टरमध्ये पीसीबी महागात पडतो आणि बहुतेक जण नेमका तोच वगळतात. कंपनीची कॉम्प्रेसर वॉरंटी शिल्लक आहे म्हणत असेल, तर पहिल्या मालकाचं बिल मागा आणि सिरीयल नंबर सांगून कंपनीच्या हेल्पलाइनवर स्वतः विचारा. दुसऱ्या मालकाला ती मिळेलच असं नाही.

दोन हजार ॲडव्हान्स द्या, बाकीचे आपल्या खोलीत चालवून बघितल्यावर. तो नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघू, मार्चमध्ये अजून घाई नाही. आई, बाबांना एकटं पाठवू नकोस, ते भिडेला पडतात. पट्टीचा जवळून, नीट फोटो मला आधी पाठवा.

तुमचा,
संदीप