उत्तराची वाट न बघता टाकलेलं पत्र

तात्यांस सप्रेम नमस्कार,

कथा यंदाच्या दिवाळी अंकात छापून आली. कथेखाली आभारासाठी दोन ओळींची जागा असते. त्यात तुमचं नाव बसलं असतं, पण गावचं पोस्ट इतकी वर्षं सांभाळलेल्या तुम्ही मला काय दिलंत ते सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र, आणि ते इतरांनीही वाचावं म्हणून उघडं.

तुमच्या पडवीत पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे दोनच माणसं होती. आचऱ्याच्या खाडीपलीकडच्या वाडीतला अनंत आणि फिनलंडमधली आइला. फिनलंडच निवडण्याचं कारण होतं. तिथल्या तुर्कू शहरात 1952 पासून 'इंटरनॅशनल युथ सर्व्हिस' नावाची संस्था होती. तिचा फॉर्म भरला की परदेशातल्या आपल्याच वयाच्या कुणाचं तरी नाव आणि पत्ता मिळायचा. 2008 मध्ये ती बंद झाली. पुढची गोष्ट माझ्या मनातली: वर्ष 1973, अनंत अठराचा, शाळेच्या कचेरीत नुकता चिकटलेला, आइला बेकरीत कामाला, आणि दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं.

इंग्रजीचा भाग मी करून ठेवला होता. फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे आणि भविष्यकाळाचं वेगळं रूप नाही. त्यामुळे आइला लिहिते, 'माय फ्रेंड पेक्का, शी कम एव्हरी संडे', आणि पेक्का ही तिची मैत्रीण असावी असं अनंत वर्षभर समजतो. तोही मराठीतच विचार करून लिहितो: 'युवर मेमरी इज कमिंग डेली.' ही पत्रं मोडक्या मराठीत लिहून पाहिली, तर माणसं बावळट वाटायला लागली. दोघंही आपापल्या भाषेत चांगली शहाणी आहेत, हे वाचकाला सतत जाणवायला हवं होतं. म्हणून मोजकीच वाक्यं देवनागरीतल्या इंग्रजीत ठेवली आणि बाकीचं त्यांना जे समजलं तसं साध्या मराठीत सांगितलं.

अडत होतं ते प्रेमापाशी. ज्यांना 'आवडतोस' आणि 'आवडायचास' यातला फरक लिहिता येत नाही, त्यांचं प्रेम जडलंय हे एकमेकांना कळणार कसं? कबुलीचं वाक्य कितीही वेळा घडवलं तरी ते माझंच वाटायचं, त्यांचं नाही.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि भाषेबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, "कोणाची पाळी होती?"

मला प्रश्न कळला नाही. मग तुम्ही समजावलंत. पत्रमैत्री पाळीपाळीने चालते. एकाचं आलं की दुसऱ्याने लिहायचं. विमानाचं पत्र जायला दहा-पंधरा दिवस, यायला तेवढेच, मध्ये लिहायला आठवडा, म्हणजे एका फेरीला महिना-सव्वा महिना. हे पाळीचं टपाल तुम्ही वर्षानुवर्षं हाताळलंत, मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्यांचं आणि बोटीवरच्या खलाशांचंसुद्धा. आणि म्हणालात, "जबाब येवच्या आधीच दुसरां पत्र टाकूक माणूस इलो की समजाचा, हो आता नुसतो मित्र रवलो नाय."

तात्या, त्या एका वाक्यावर माझी कथा उभी आहे. व्याकरण फसवू शकतं, पण पाळी सोडून आलेलं पत्र कुठल्याही भाषेत एकच गोष्ट सांगतं.

मग तुम्ही मला एक कोरं हवाई पत्र दाखवलंत, जपून ठेवलेलं, निळं, घडीच्या खुणा छापलेलं. त्यात आत काही घालायची मनाई होती. काही सापडलं तर जादा पैसे पडायचे, नाहीतर ते विमानाऐवजी साध्या टपालात, म्हणजे बोटीने जायचं. ते ओळखायचे कसे, असं मी विचारलं. तुम्ही काही न बोलता माझ्या वहीतला कपटा त्या पत्रात घातलात, घडी मिटलीत आणि अंगठा आणि तर्जनी यांत धरून कडेकडेने सावकाश फिरवलीत. मग कपटा काढून अंगणातली अबोलीची पाकळी घातलीत आणि पुन्हा तसंच केलंत. पाकळीपाशी बोटं थांबली. "कागद सरकता, फूल सरकणा नाय," एवढंच म्हणालात. मलाही करायला लावलंत. खरोखर कळतं. पाकळी बोटाखाली किंचित दबते आणि घडीचा कागद तिथे जरासा फुगतो.

तिथून अनंतचं पत्र सुचलं. मार्च 1974. सुरंगीचा बहर. तो हवाई पत्रात सुरंगीची चार सुकी फुलं घालतो, खाली 'युवर मेमरी'चं वाक्य लिहितो आणि डिंक लावून मोकळा होतो. गावच्या पोस्टात ते कुणाच्या हाताला लागत नाही, मुंबईत लागतं. पत्र बोटीच्या थैलीत पडतं. आणि त्या काळात सुएझ कालवा बंद होता. 1967 च्या युद्धापासून जून 1975 पर्यंत त्यातून जहाज गेलं नाही. म्हणजे सुरंगी निघाली ती अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून.

अनंतला यातलं काही ठाऊक नाही. दहाव्या दिवशी त्याचा धीर सुटतो. उत्तराची वाट न बघता तो दुसरं पत्र टाकतो, या खेपेला आत काहीही न घालता: 'इफ माय लास्ट लेटर इज राँग, फरगेट इट. वी आर फ्रेंड.' हे विमानाने जातं आणि आधी पोचतं. आइलाच्या हातात पडते ती न वाचलेल्या पत्राबद्दलची माफी. काय विसरायचं, तिला माहीत नाही. विचारावं तर उत्तराला महिना लागणार. ती लिहिते: 'आय नॉट फरगेट. आय वेट.'

हे उत्तर मे महिन्यात मुंबईत उतरतं. तुम्हीच आठवण दिलीत, की 8 ते 27 मे 1974 रेल्वेचा देशभर संप होता. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, म्हणून आपल्याला त्याचं काय, असं मला वाटण्याचा संभव होता. पण आपलं टपाल मुंबईहून आधी रेल्वेने घाटावर यायचं आणि तिथून एस.टी.ने खाली उतरायचं. संपाच्या दिवसांत तुम्ही लाखेचं सील तोडायचात आणि पिशवीत दोन-तीनच कार्डं निघायची. लोक पडवीत उभे राहून पिशवीकडे बघायचे, तुमच्याकडे नाही, हे तुम्ही सांगितलेलं मी जसंच्या तसं घेतलं आहे.

पत्र अनंतला मिळतं जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. 'नॉट फरगेट.' विसरणार नाही, हे रागाने म्हटलंय की कसं? 'वेट' म्हणजे थांब म्हणून दटावलंय, की ती वाट बघतेय? दोन्ही अर्थ त्या शब्दांत बसतात. इंग्रजी चांगलं येणाऱ्या हेडमास्तरांना दाखवायची त्याला लाज वाटते. तो वाक्याचा कीस काढत बसतो आणि उत्तर लिहीत नाही. जून जातो, जुलै जातो.

इकडे जुलैत बोटीचं पत्र आइलाला मिळतं. फुलांचा चुरा झालेला, वास मात्र टिकून, कारण सुरंगी सुकली तरी वास सोडत नाही. ती आधी शिक्का बघते. मार्चची तारीख. ज्या पत्राला आपण एप्रिलमध्येच उत्तर दिलं, ते हे. आता तिला कळतं, की न वाचताच आपण काय विसरणार नाही म्हणालो होतो. आणि अनंतची पाळी असतानाही ती लिहायला बसते.

ऑगस्टमध्ये, भर पावसात, पोस्टमास्तर ते पत्र अनंतच्या हातात देतो. अनंत म्हणतो, "पण मी तर जबाबच दिला नव्हता." पोस्टमास्तर म्हणतो, "तेच तर." कथा तिथे संपते. पत्र अजून फोडलेलंही नाही.

तुम्ही शिक्क्यांच्या तारखा तपासून दिल्यात, तेही मोठं काम होतं. पाठवल्याचा शिक्का पुढे आणि पोचल्याचा मागे, हे तुम्ही बजावलं नसतंत तर आइलाला काहीच उमगलं नसतं. पिनकोड 1972 च्या स्वातंत्र्यदिनापासून सुरू झाला, तरी लोक पुढे बरीच वर्षं त्याशिवायच पत्ता लिहायचे, म्हणून अनंतच्या पत्त्यात तो नको, असं म्हणालात. जिल्हा रत्नागिरी लिही म्हणालात, कारण सिंधुदुर्ग झाला 1981 मध्ये. इतक्या बारकाईने कुणी माझं लिखाण वाचलेलं नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र वेगळीच. गावातल्या कुणाची पत्रं उत्तराआधी जायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी दोनदा विचारलं, कथेसाठी म्हणून. तुम्ही नावं सांगितली नाहीत, खुणाही नाहीत. मला पडवीत बसवून, चहा देऊन, तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलंत. कथेतल्या पोस्टमास्तरला मी नाव दिलेलं नाही आणि तो पत्र उघडायची वाट न बघता पाठ फिरवतो, ते यामुळे.

अंक आल्यापासून फोन येताहेत. मालवणच्या एका बाईंनी विचारलं, पत्रात काय होतं ते का नाही दिलंत? मी म्हटलं, ते पोचलं यातच सगळं होतं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांच्या लग्नाआधीचं सांगायला लागल्या.

अंकाच्या दोन प्रती पाठवल्या आहेत. एक तुमची, दुसरी तुमच्या जागी आता ब्रँच सांभाळणाऱ्या मुलीसाठी. तुमचा चष्मा बदलायचा राहिलाय हे माहीत आहे, म्हणून काकींना वाचून दाखवायला सांगा. दिवाळीनंतर मी येतेच आहे. तेव्हा हेडमास्तरांचा प्रसंग ठेवावा की पुस्तकात काढावा, हे मला तुमच्याकडून हवं आहे. आणि काकींना म्हणावं, बांगड्याचं तिखलं केलंत तर रात्रीची राहीन.

तुमची,
मालवणची मास्तरीण