दरडीच्या आधी रस्ता जातो : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी पोलादपूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. आमच्याकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस येते. तुमचं घर दरडीच्या पट्ट्यात आहे, अतिवृष्टी झाली की सुरक्षित ठिकाणी जा, नाही गेलात तर जबाबदारी तुमची, असा तिचा मतलब. घरातलं जे कोणी हाताशी असेल त्याची सही किंवा अंगठा घेतात आणि कागद दप्तरी जातो. अतिवृष्टी म्हणजे नेमका किती पाऊस, कुठे जायचं, आणि सर्वांत मुख्य म्हणजे कधी निघायचं, यातलं काहीच त्यात नसतं. हे पत्र त्या 'कधी'बद्दल आहे.

आमच्या भागात डोंगर सुटण्याआधी रस्ता सुटतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली ती दुपारनंतर. तोवर महाड शहरात सावित्रीचं पाणी भरलेलं होतं आणि गावाकडे येणाऱ्या वाटेवर जागोजागी माती आली होती. बचाव पथकं पोचायला दुसरा दिवस उजाडला. वर महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि त्यातलं कोकणाकडे उतरणारं पाणी सावित्रीलाच मिळतं. अशा दिवशी संध्याकाळी कोणाला वाटलं की आता निघावं, तरी तो जाणार कुठे? घाटाच्या कापणीतला मुरूम रस्त्यावर आलेला असतो आणि ओढ्यावरची फरशी छातीभर पाण्याखाली गेलेली असते. म्हणून निघायची वेळ ठरवताना आधी रस्ता बघायचा, मग डोंगर.

आमच्या शेजारची एक वाडी घेतो. नाव लिहीत नाही, तशा पन्नास सापडतील. वाडीपासून खालच्या गावातल्या शाळेपर्यंत मधे दोन अडचणी आहेत : रस्त्यासाठी तोडलेला एक उभा कडा आणि त्याखाली ओढ्यावरची फरशी. वर दोन-तीन तास जोराचा पाऊस झाला की फरशी बुडते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. धडधाकट माणूस अर्ध्या तासात खाली येतो. पण म्हातारी माणसं, लहान पोरं, एखादी नऊ महिन्यांची बाई धरली तर दीड तास. गुरं सोडून हाकायची तर त्याला आणखी वेळ. अंधार पडायला साडेसात वाजतात, ढगात सात. म्हणजे शेवटचं माणूस पाच वाजता फरशी ओलांडून गेलेलं हवं, आणि त्यासाठी दुपारी तीनला वाडी हललेली हवी. निर्णय बाराला. बाराला निर्णय घ्यायचा तर सकाळचा पाऊस मोजलेला पाहिजे. हे गणित प्रत्येक वाडीचं वेगळं येईल, पण सगळीकडे ते रस्त्याकडूनच उलटं मांडावं लागतं.

आता पाऊस मोजायचा कोणी? महसूल मंडळाचं स्वयंचलित हवामान केंद्र असतं, पण ते बहुधा खाली सपाटीला. डोंगराच्या कुशीत त्याच दिवशी दीडपट-दुप्पट पडलेलं आम्ही बघतो. शिवाय तिथला 65 मिलिमीटरचा आकडा पिकाच्या नुकसानभरपाईच्या पंचनाम्यासाठी. आमच्याकडे जुलैत तेवढा पाऊस आला तर लोक त्याला 'आज जरा उघडीप होती' म्हणतात. वाडीतल्या वाडीत सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या अंगणात, पागोळ्यांपासून आणि झाडापासून लांब ठेवला आणि रोज सकाळी आठला पट्टी घालून पाणी मोजलं तरी काम भागतं. बादली चालत नाही, ती वर रुंद असते. वायनाडमध्ये शेतकऱ्यांकडून अशीच पर्जन्यमापकं वाचून घेणाऱ्या एका संस्थेने 30 जुलै 2024 च्या दरडीच्या आदल्या दिवशी प्रशासनाला कळवलं होतं.

एका दिवसाच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. मालीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023, आणि आमच्याच महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही 2005 च्या जुलैअखेरची. सगळ्या तारखा म्हाताऱ्या पावसाच्या आसपास आहेत. जून आणि तरणा पाऊस डोंगर भरवतात. काळ्या कातळावर जो मुरूम आणि लाल माती बसलेली असते तिच्यात पाणी मुरत जातं, खाली कातळ ते आत घेत नाही, आणि मातीच्या कणांमधलं पाणीच मातीला आतून उचलायला लागतं. त्यानंतर येणारा जोराचा पाऊस फक्त निमित्त असतो. इर्शाळवाडीला आधीच्या तीन दिवसांत 499 मिलिमीटर झाला होता, हे सरकारनेच सभागृहात सांगितलं. म्हणून माझी मागणी तीन दिवसांच्या बेरजेची आहे. आकडा भूवैज्ञानिकांनी तालुक्यागणिक ठरवावा. पण ठरवावा, आणि वाडीच्या समाजमंदिरावर ऑइलपेंटने लिहावा.

डोंगर बोलतो, असं आमच्याकडे म्हणतात. बोलतोही, फक्त पावसाळ्यात सगळंच बोलत असतं आणि त्यातलं काय ऐकायचं ते कोणी शिकवत नाही. शासनाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, 'दारे-खिडक्या घट्ट बसणे'. साहेब, मृगापासून आमचं प्रत्येक दार घट्ट बसतं, लाकूड फुगतं. त्यामुळे लोक हसतात आणि पत्रक चुलीत जातं. खरी खूण अशी : घरातली बाकी दारं नेहमीसारखी आहेत आणि डोंगराकडच्या बाजूचं एकच दार काल लागत होतं ते आज वरच्या कोपऱ्यात अडकतं, कारण चौकट वाकडी झाली आहे. त्याच चौकटीच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी चीर गेलेली दिसते. जोतं आणि अंगणाची फरशी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडते. हे दिसलं की त्या घराने पाऊस किती पडला ते बघत बसू नये.

पाण्याचंही तसंच. जुलैत जागोजाग उफाळे फुटतात, ते भिण्यासारखं नाही. जिथे कधी पाणी नव्हतं तिथे ते फुटलं, किंवा रोजच्या उफाळ्याचं नितळ पाणी लाल गढूळ यायला लागलं, तर आतली माती धुऊन चालली आहे. आणि सगळ्यांत फसवी खूण म्हणजे ओढ्याचं पाणी एकाएकी उतरणं. पाऊस चालूच आहे आणि ओढा कमी झाला, तर लोकांना हायसं वाटतं, कोणी उतरून मासे धरायलाही जातं. वर कुठेतरी माती-झाडं आडवी येऊन बांध तयार झालेला असू शकतो, आणि तो फुटला की चिखल-दगडांचा लोंढा ओढ्याच्याच वाटेने येतो. तेव्हा ओढ्यापासून दोन्ही बाजूंना, आडवं पळायचं. ओढ्याने खाली पळणारा सापडतो.

घरांच्या वर, जिथे गुरं चरतात त्या उतारावर, चंद्रकोरीसारखी भेग पडते. ती जून संपायच्या आत हिंडून बघावी लागते, कारण नंतर गवत माजतं. सापडली तर भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोकावी, मधलं अंतर सुतळीने घेऊन गाठ मारून ठेवावी आणि रोज ताणून बघावी. सुतळी अपुरी पडली की भेग रुंदावते आहे. भेगेत चिकण माती ठोकून वर प्लास्टिक अंथरावं आणि वरून येणारं पाणी चर काढून बाजूला न्यावं. याने दरड थांबत नाही, थोडा वेळ मिळतो. वरून खडे सुटायला लागले, झाडाची मुळं तुटल्यासारखा कटकट आवाज आला, तर तोही वेळ संपला.

आणि हेही सांगितलं पाहिजे की खुणा दिसतीलच असं नाही. इर्शाळवाडीला रात्री दरड आली, माणसं झोपलेली. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती आणि गाडीरस्ता नसल्याने यंत्रं वर गेली नाहीत, माती हातांनी उपसावी लागली. म्हणून जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ठरलेली बेरीज ओलांडली की रात्रीची वस्ती खाली, असा सरळ नियम करा. दिवसा माणसं वर शेतात जातील, कारण लावणीचे ते दिवस असतात आणि तुम्ही-आम्ही सांगून कोणी लावणी सोडणार नाही. धो धो कोसळत असेल तेव्हा दिवसाही नाही. आणि पाऊस थांबून ऊन पडलं म्हणून त्याच संध्याकाळी परत वर नाही. मुरलेलं पाणी डोंगरातून उतरायला वेळ घेतं.

लोक का निघत नाहीत, हे अधिकारी बैठकीत विचारतात. गुरं हे पहिलं कारण. दावणीला बांधलेली म्हैस सोडून कोणी शाळेच्या वर्गात झोपायला जात नाही. दुसरं, गेल्या वर्षी गेलो आणि काहीच झालं नाही. याला उपाय नाही, दहा वेळा जाऊन नऊ वेळा काही होणार नाही, हे आधीच सांगून ठेवावं लागेल. तिसरं कारण बायका सांगतात, पुरुष सांगत नाहीत : शाळेला संडास आहे, पण त्याला कडी नाही आणि पाणी नाही.

एकदा आमच्या बाजूची माणसं भर पावसात, पोरं काखेत घेऊन खाली उतरली तर निवारा म्हणून ठरलेल्या इमारतीला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडे तो तालुक्याच्या गावी, आणि तिकडचा रस्ता बंद. ओसरीत रात्र काढून दुसऱ्या सकाळी सगळे परत वर गेले. त्या वाडीला पुन्हा हलवून दाखवा.

म्हणून मागण्या थोड्या आहेत. निघण्याचा निर्णय पोलीस पाटलाने वाडीतच घ्यावा आणि तहसीलला फक्त कळवावं. आज तो वरून आदेश येण्याची वाट बघतो आणि तोवर मोबाइलची रेंज गेलेली असते. निर्णय चुकीचा ठरला, पाऊस पडलाच नाही, तरी त्याला खुलासा विचारला जाऊ नये, हे लेखी द्या. निवाऱ्याशेजारी गुरांसाठी पत्र्याची शेड आणि पेंढा मे महिन्यातच भरून ठेवा. खाली काढलेल्या रात्रींचा शिधा नियमात बसवा. नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्या वाडीचं वेळापत्रक छापा : कुठली फरशी आधी बुडते, किती वाजता निघायचं, कोणत्या वाटेने, कुठे. आणि निवाऱ्याची एक किल्ली पोलीस पाटलाकडे, एक वाडीतल्या अंगणवाडी सेविकेकडे द्या. यंदाच्या पावसाआधी एवढी किल्ल्यांची गोष्ट जरी झाली, तरी बाकीच्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

कळावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. पोलादपूर, जि. रायगड