खडे मीठ आणि आयोडीन

महोदय,

‘मीठ समुद्राचंच, मग आयोडीन असणारच की!’ शिरोड्याच्या बाजारात खडे मीठ घेताना हे हमखास ऐकू येते. प्रत्यक्षात मिठागरात पाणी आटून जे मीठ बनते, त्यात आयोडीन नगण्य असते. पाकिटातल्या आयोडीनयुक्त मिठात मात्र किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम असावे लागते. 5 ग्रॅम मिठातून प्रौढाची रोजच्या 150 मायक्रोग्रॅमपैकी निम्मी गरज भागते. उरलेले मासळी, अंडी, दुधातून मिळवावे. गरोदरपणी गरज 250 पर्यंत जाते. आयोडीन कमी पडून होणारा गलगंड डोळ्यांना तरी दिसतो. पोटातल्या बाळाच्या मेंदूची खुंटलेली वाढ उशिराच कळते. पण म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, जादा आयोडीननेही थायरॉईड बिघडते. खडे मीठ मासळी खारवायला खुशाल वापरा. रोजच्या आमटीत पाकिटातलेच घाला.

– एक वाचक, शिरोडा